धागा: स्मिअरवर ३१ टक्के अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट्स आणि तीन 'ब्लास्टसारख्या' पेशी. मोनो म्हणायचं की ल्युकेमिया?

कोरडी_काच

वय १९, मुलगा. सहा दिवस ताप, टॉन्सिल सुजून त्यावर पांढुरका थर, मानेत दोन्ही बाजूंना, विशेषतः मागच्या बाजूला गाठी, प्लीहा बरगडीखाली बोटभर लागते. हिमोग्लोबिन १३.६, पांढऱ्या पेशी १८,४००, प्लेटलेट १,१८,०००. यंत्राने ब्लास्टची शंका दाखवली म्हणून स्मिअर हाताने मोजला. १०० पेशींमध्ये न्यूट्रोफिल २४, साध्या लिम्फोसाइट्स ३४, अ‍ॅटिपिकल ३१, मोनोसाइट ७, इओसिनोफिल १. उरलेल्या तीन पेशींनी घोळ घातला आहे. मोठ्या, गोल केंद्रकाच्या, ठळक न्यूक्लिओलस असलेल्या. त्यांना ब्लास्ट म्हणावं की नाही, ठरत नाही.

मोनोन्यूक्लिओसिसची, म्हणजे मोनोची, हेटरोफाइल ही झटपट चाचणी निगेटिव्ह आहे. टॉन्सिल इतके सुजलेत की वॉर्डमधले डॉक्टर आज संध्याकाळी स्टेरॉइड सुरू करायचं म्हणतायत आणि त्याआधी त्यांना रिपोर्ट हवाय. काय लिहाल?

तिरका_बाण

न्यूक्लिओलस दिसला की ब्लास्ट, हा साधा नियम आहे. तीन टक्के ब्लास्ट म्हणजे बोन मॅरो करायलाच सांगा. शिवाय हेटरोफाइल निगेटिव्ह आहे, म्हणजे मोनो बाद. उरलेल्या अ‍ॅटिपिकल पेशी लाल पेशींना बिलगलेल्या, स्कर्टसारख्या कडांच्या असतील तर गोष्ट वेगळी. तसा स्कर्ट फक्त मोनोमध्येच दिसतो.

जांभळा_ठसा

तिरका_बाण, तुमचं निम्मं बरोबर आहे. ब्लास्टची शंका गिळून टाकायची नसते, हे खरं. बाकी तिन्ही विधानांना दुरुस्ती हवी.

मोनोमध्ये रक्तात फिरणाऱ्या या मोठ्या पेशी बहुतांशी सीडी८ टी-पेशी असतात. मोनो घडवणाऱ्या एप्स्टाइन-बार विषाणूने, म्हणजे ईबीव्हीने, बाधित झालेल्या बी-पेशींना मारण्यासाठी त्या चेकाळून वाढत असतात. विषाणू बी-पेशीत बसलाय, आणि स्मिअरवर आपण बघतो ती गर्दी त्याच्यावर धावून जाणाऱ्यांची. आता ज्या पेशीला भराभर विभागायचं आहे तिला आरएनए लागतं, प्रथिनं बनवावी लागतात. म्हणून तिचं पेशीद्रव्य गडद निळं होतं, केंद्रक मोठं होतं, क्रोमॅटिन सैल होतं आणि न्यूक्लिओलस उघडा पडतो. डाउनी आणि मॅकिन्ले यांनी १९२३ मध्ये या पेशींचे तीन प्रकार मांडले. त्यातला तिसरा हुबेहूब असाच, इम्युनोब्लास्टसारखा असतो. न्यूक्लिओलस दिसला याचा अर्थ पेशी कामाला लागलेली आहे, एवढाच. ती कर्करोगाची आहे हे त्यातून सिद्ध होत नाही.

स्कर्टचंही तसंच. तो सायटोमेगॅलो विषाणूत, म्हणजे सीएमव्हीत, दिसतो, इतर विषाणूंत दिसतो, औषधाच्या तीव्र प्रतिक्रियेतही दिसतो. मऊ, भरपूर द्रव्याची कुठलीही पेशी शेजारच्या लाल पेशींभोवती अशी पसरते. स्मिअर जाड असेल तर खऱ्या मोनोतही स्कर्ट दिसत नाही, कारण तिथे पेशीला पसरायला जागाच नसते.

आणि हेटरोफाइल. पहिल्या आठवड्यात मोनोच्या साधारण चारातल्या एका रुग्णात ती निगेटिव्ह येते. सहाव्या दिवशीच्या निगेटिव्हवर मी कुणालाही बाद करणार नाही.

कोरडी_काच, मत देण्याआधी चार गोष्टी विचारतो. नमुना काढल्यापासून किती तासांनी स्मिअर केला? मोजणी काचेच्या कुठल्या भागात केली? लाल पेशींचा रंग कसा आलाय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या तीन पेशी आणि साध्या लिम्फोसाइट्स यांच्या मधल्या पायऱ्या स्लाइडवर दिसतात का?

कोरडी_काच

नमुना रात्री काढला होता, स्मिअर सकाळी केला. नऊ तास झाले असतील. मोजणी शेपटाच्या जरा आत केली. लाल पेशी किंचित निळसर करड्या दिसतायत. मधल्या पायऱ्या अशा नजरेने बघितल्याच नाहीत, बघून सांगतो.

जांभळा_ठसा

नऊ तास ईडीटीएत राहिलेल्या रक्तावर ब्लास्टचा निकाल द्यायचा नाही. इतक्या वेळात साध्या लिम्फोसाइटचं केंद्रकही खाचा पडून वेडंवाकडं होतं, द्रव्यात पोकळ्या दिसतात, मोनोसाइट फुगतात. स्मिअर दोन तासांच्या आत व्हावा, फार तर चार.

लाल पेशी निळसर, म्हणजे बहुधा बफर अल्कलीकडे झुकलाय. पीएच ६.८ च्या आसपास ठेवा. तो वर गेला की सगळ्याच लिम्फोसाइट्सचं द्रव्य गडद निळं दिसतं आणि साध्या पेशीही अ‍ॅटिपिकलच्या रकान्यात जातात. रंग ठीक आहे का हे लिम्फोसाइटवरून नाही, लाल पेशी आणि न्यूट्रोफिलवरून ठरवायचं. लाल पेशी गुलाबी आणि न्यूट्रोफिलचे कण हलके जांभळट गुलाबी दिसत नसतील तर स्लाइड पुन्हा रंगवा.

नवा नमुना घ्या, लगेच दोन स्मिअर करा आणि हवेत झटकन वाळवा. सावकाश वाळलेल्या स्मिअरमध्ये पेशी आक्रसतात, कडा विचित्र होतात. मग आधी १० च्या लेन्सखाली शेपूट आणि दोन्ही कडा फिरून बघा. मोठ्या पेशी तिथे ओढल्या जातात. ब्लास्टचे पुंजके असतील तर तिथेच सापडतील. मात्र एखाद्या पेशीच्या रूपावर मत बनवायचं ते लाल पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या भागात, १०० च्या लेन्सखाली. शेपटात प्रत्येक पेशी चपटी होते, क्रोमॅटिन पातळ दिसतं आणि जी ती ब्लास्ट वाटायला लागते. तुमच्या तीनांपैकी काही त्यातल्याच असू शकतील.

आणि १०० ऐवजी २०० पेशी मोजा. १०० पेशींत १० टक्के मिळाले तर खरा आकडा ५ ते १८ मध्ये कुठेही असू शकतो. २०० पेशींत तोच पल्ला ६ ते १५ होतो. फार नाही, पण बरा. तीन टक्क्यांसारख्या छोट्या आकड्याचं तर १०० पेशींवर काहीच खरं नसतं.

सानूची_आई

मध्येच विचारते, चालेल ना? माझ्या मुलीचं वय ३ वर्षं. सर्दी-तापात रक्त तपासलं तर रिपोर्टात 'रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट्स ८ टक्के' लिहिलंय. हिमोग्लोबिन ११.८, प्लेटलेट २ लाख ४० हजार, पांढऱ्या पेशी ९,२००. तुम्ही सगळे ल्युकेमिया म्हणताय म्हणून पोटात गोळा आला. आमच्याकडे कुणी मोनोची चाचणीसुद्धा केली नाही.

जांभळा_ठसा

ताई, इथला प्रश्न वेगळ्या रुग्णाचा आहे, तो तुमच्या मुलीला लावू नका. या वयात लिम्फोसाइट्स मुळातच जास्त असतात आणि विषाणूच्या तापात त्यातल्या काही रिअ‍ॅक्टिव्ह दिसणं अगदी नेहमीचं आहे. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट तुम्ही दिलेत ते चांगले आहेत. हेटरोफाइल चाचणी केली नाही याचंही वाईट वाटून घेऊ नका. चार वर्षांखालच्या मुलांमध्ये मोनो असूनही ती बऱ्याचदा निगेटिव्ह येते, म्हणून तिचा फारसा उपयोग नसतो.

रिपोर्ट तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवाच. ताप लांबला, अंगावर निळे डाग उठले, हाडं दुखतायत म्हणून मूल चालायला नको म्हणायला लागलं किंवा चेहरा पांढराफटक दिसायला लागला तर थांबू नका, त्याच दिवशी जा.

सानूची_आई

डाग वगैरे काही नाही, खेळतेय. उद्या दाखवते. आभारी आहे.

तापमापक

मी वॉर्डच्या बाजूने बोलतो. स्मिअरइतकंच स्टेरॉइड महत्त्वाचं आहे, कारण नुकसान तिथे होतं. हा रुग्ण मोनो नसून लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया निघाला आणि आपण आधीच स्टेरॉइड दिलेलं असलं, तर ब्लास्ट दोन-चार दिवसांत विरघळायला लागतात. रक्त सुधारल्यासारखं दिसतं, मॅरो वाचणं अवघड होतं आणि कधी पेशी एकदम फुटून पोटॅशियम आणि युरिक आम्ल चढतं. नुसता घसा दुखतो म्हणून मोनोत स्टेरॉइड देऊच नये. पण टॉन्सिल भिडून श्वास अडत असेल तर ते द्यावं लागतं, आणि तिथे पेशींवरच्या खुणा तपासणाऱ्या फ्लो सायटोमेट्रीची, म्हणजे फ्लोची, वाट बघणंही शहाणपणाचं नाही.

म्हणून माझा क्रम असा. श्वास खरोखर अडतोय का, ते आधी बघायचं. अडत असेल तर पहिला डोस देण्याच्या पाच मिनिटं आधी ईडीटीएच्या दोन नळ्या आणि सीरमची एक नळी काढून ठेवायची, दोन स्मिअर तिथल्या तिथे ओढायचे, आणि मग डोस. अडत नसेल तर स्मिअरचं उत्तर येईपर्यंत स्टेरॉइड थांबू शकतं. अ‍ॅमॉक्सिसिलिन मात्र टाळाच. मोनोत त्याने अंगभर पुरळ उठतं आणि मग औषधाची अ‍ॅलर्जी म्हणून तो माणूस जन्मभर एक शिक्का घेऊन फिरतो.

कोरडी_काच

वॉर्डशी बोललो. श्वास ठीक आहे, बसून पाणी पितोय. स्टेरॉइड उद्यापर्यंत थांबवलंय. नवा नमुना घेतला, ४० मिनिटांत स्मिअर केला, बफर बदलला. आता लाल पेशी गुलाबी आहेत.

२०० पेशी मोजल्या. न्यूट्रोफिल २६ टक्के, साध्या लिम्फोसाइट्स ३७, रिअ‍ॅक्टिव्ह दिसणाऱ्या २९, मोनोसाइट ६, इओसिनोफिल १. 'त्या' पेशी आता २०० मध्ये दोनच, म्हणजे १ टक्का. त्यांचं द्रव्य चांगलं रुंद आणि कडेला गर्द निळं आहे, केंद्रकाला लागून फिकट पट्टा दिसतो. न्यूक्लिओलस आहे, पण क्रोमॅटिन तुम्ही लोक म्हणता तसं धुळीसारखं एकसारखं नाही, जाडसर दोऱ्यांसारखं आहे. मधल्या पायऱ्या भरपूर दिसल्या. लहान आणि खाचदार केंद्रकाच्या, मोठ्या फिकट द्रव्याच्या, प्लाझ्मा पेशीसारख्या, चार-पाच दाणेदार. काही पेशींचं केंद्रक आक्रसून काळ्या गोळ्यांचे तुकडे झालेत. त्या कुठल्या रकान्यात टाकू ते कळलं नाही. शेपटात पुंजके नाहीत.

जांभळा_ठसा

आता चित्र बोलायला लागलं.

सगळ्यात भयंकर दिसणाऱ्या पेशीवरून निदान करू नका, तिच्या आजूबाजूची गर्दी बघा. ल्युकेमियातल्या पेशी एकाच गणवेशातल्या मुलांसारख्या असतात, कारण त्या एका पेशीची पिल्लावळ आहेत आणि एकाच टप्प्यावर अडकून पडल्यात. विषाणूच्या तापातल्या पेशी वेगवेगळ्या पूर्वजांच्या असतात. कुणी कालच जागी झालेली, कुणी विभागण्याच्या ऐन भरात, कुणी काम संपवून मरायला टेकलेली. त्यामुळे लहान साध्या पेशीपासून तुमच्या त्या दोन पेशींपर्यंत सलग साखळी लागते. ब्लास्टमध्ये दोन टोकं दिसतात: इकडे साध्या लिम्फोसाइट्स, तिकडे ब्लास्ट, मधला जिना गायब.

काळ्या गोळ्यांच्या पेशी म्हणजे आत्मघात केलेल्या लिम्फोसाइट्स. मोनोत त्या सहज सापडतात, कारण चेकाळलेल्या टी-पेशी काम झालं की मोठ्या संख्येने मरतात. ताज्या नमुन्यात त्या दिसणं मोनोच्या बाजूने जातं. जुन्या नमुन्यात दिसल्या असत्या तर मी काडीची किंमत दिली नसती. मोजणीत घेऊ नका, शेऱ्यात लिहा.

आता दुसरी बाजू, बाकीच्या पेशींचं काय झालं. तुमचे न्यूट्रोफिल २६ टक्के, म्हणजे १८ हजारांच्या हिशेबाने ४,७०० च्या पुढे. हिमोग्लोबिन १३.६. मॅरो ब्लास्टने भरलेली असती तर हे दोन्ही सहसा टिकले नसते. प्लेटलेट थोड्या कमी आहेत, पण मोनोत लाखाच्या वर राहणारी अशी घट नेहमीची. लाखाच्या बरंच खाली गेल्या असत्या, किंवा प्लेटलेटसोबत हिमोग्लोबिन आणि न्यूट्रोफिलही घसरले असते, तर माझा सूर बदलला असता. कोवळ्या केंद्रकधारी लाल पेशी किंवा अश्रूच्या आकाराच्या लाल पेशी दिसल्या असत्या तरीही.

तिरका_बाण

न्यूक्लिओलसचं मान्य. पण मग हिमोग्लोबिन कमी असलेला मोनो कसा ओळखायचा? तो असतो ना? आणि उलट, सुरुवातीच्या ल्युकेमियात आकडे चांगले असू शकतात.

जांभळा_ठसा

दोन्ही बरोबर, आणि म्हणूनच एकट्या आकड्यावर विसंबायचं नाही. मोनोत 'आय' प्रतिजनाविरुद्ध थंडीत काम करणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि थोड्या रुग्णांत त्यामुळे लाल पेशी फुटतात. तेव्हा हिमोग्लोबिन उतरतं, पण रेटिक्युलोसाइट वाढलेले असतात, स्मिअरवर लाल पेशींचे पुंजके दिसतात आणि यंत्राचा एमसीएचसी वेड्यासारखा वर जातो. नमुना ३७ अंशाला गरम केला की पुंजके सुटतात. मॅरो भरल्यामुळे हिमोग्लोबिन उतरलं असेल तर रेटिक्युलोसाइट कमी असतात. एका चाचणीत बराच उलगडा होतो.

सुरुवातीच्या ल्युकेमियाचा मुद्दा मी खोडणार नाही. म्हणून तर 'मोनो' असं लिहून फाइल बंद करायची नाही.

चार_रंग

फ्लोच्या टेबलावरून. हा नमुना आला तर मला बहुधा असं दिसेल: लिम्फोसाइट्समध्ये सीडी३ आणि सीडी८ असलेल्यांचा ढीग, सीडी४ आणि सीडी८ चं गुणोत्तर उलटं, त्या सीडी८ पेशींवर सीडी३८ आणि एचएलए-डीआर झगझगीत. बी-पेशी थोड्या आणि त्यात कॅपा-लॅम्बडा समतोल. सीडी३४ नाही, टीडीटी नाही. शेवटचे दोन नसणं ही तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट. टी-पेशीच्या काही ल्युकेमियात सीडी३४ नसतं, म्हणून टीडीटी सोबत हवंच.

एक सापळा सांगून ठेवतो. चेकाळलेल्या टी-पेशींवर सीडी७ फिका पडतो, कधी सीडी५ सुद्धा. पॅनल वाचणाऱ्याला मोनोची माहिती नसेल तर तो 'असामान्य टी-पेशी, लिम्फोमाची शक्यता' असं लिहून मोकळा होतो. त्यावर कुणी टी-रिसेप्टरची क्लोनॅलिटी पाठवली तर आणखी पंचाईत, कारण मोनोत मोजक्याच टी-पेशींची बेसुमार वाढ झालेली असते आणि तिथे एक-दोन ठळक शिखरं येऊ शकतात. क्लोन दिसला म्हणून कर्करोग, असं इथे चालत नाही. विनंतीच्या कागदावर 'ताप सहा दिवस, मोनोची शंका' एवढं लिहिलंत तरी अर्धी लढाई जिंकली.

मला मात्र विचारायचंय, या रुग्णाचा फ्लो खरंच हवाय का?

जांभळा_ठसा

माझ्या मते आज नको. वय, घसा, मानेच्या मागच्या गाठी, पेशींची विविधता, धड असलेले न्यूट्रोफिल आणि हिमोग्लोबिन, सगळं एका दिशेने आहे. आधी ईबीव्हीची प्रतिपिंडं करा. विषाणूच्या कवचाविरुद्धची व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह आणि त्याच्या केंद्रकातल्या प्रतिजनाविरुद्धची ईबीएनए आयजीजी निगेटिव्ह म्हणजे संसर्ग ताजा. ईबीएनए काही आठवड्यांनी, बहुधा दोन-चार महिन्यांत उगवते. ती आत्ताच असेल तर हा आजार ईबीव्हीचा नवा संसर्ग नाही आणि दुसरं कारण शोधायचं.

तापमापक

इथे मी असहमत. स्टेरॉइड देण्याची वेळ रात्री-अपरात्री येऊ शकते. मग फ्लोची नळी आजच पाठवली तर काय बिघडलं? स्टेरॉइड पडल्यावर तोच फ्लो निम्म्या किमतीचाही राहत नाही.

चार_रंग

नळी पाठवायला कुणाची ना नाही. पण अशा प्रत्येक मोनोचा फ्लो केला तर दहातल्या नऊ वेळा मी 'प्रतिक्रियात्मक सीडी८ वाढ' एवढंच लिहीन, आणि एखाद्या वेळी त्या फिक्या सीडी७ वरून विनाकारण कुणाची तरी झोप उडवीन. नमुना काढून ठेवा, प्रक्रिया गरज पडली तर करू. ४८ तासांपर्यंत चालतो.

तापमापक

नमुना काढून ठेवण्यावर तडजोड मान्य. प्रक्रिया कधी करायची यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

कोरडी_काच

प्रतिपिंडं पाठवली. समजा तीही निगेटिव्ह आली तर?

तापमापक

मग पहिला संशयित सीएमव्ही. हेटरोफाइल निगेटिव्ह मोनोचं ते सगळ्यात नेहमीचं कारण. त्यात ताप लांबतो, यकृताचे एन्झाइम वाढतात, पण घसा आणि मानेच्या गाठी इतक्या ठसठशीत नसतात. टोक्सोप्लाझ्मा विषाणू नाही, पण गाठींसकट हेच चित्र देतो.

आणि एचआयव्हीचा ताजा संसर्ग विसरू नका. लोक संकोचाने विचारत नाहीत. ताप, घसा, गाठी, पुरळ, अ‍ॅटिपिकल लिम्फोसाइट्स, सगळं असतं आणि नुसत्या प्रतिपिंडांची चाचणी त्या दिवसांत निगेटिव्ह येते. पी२४ प्रतिजन पकडणारी चौथ्या पिढीची चाचणी करा, शंका दाट असेल तर आरएनए.

डेंग्यूत गडद निळ्या द्रव्याच्या पेशी भरपूर दिसतात, पण तिथे एकूण पांढऱ्या पेशी सहसा कमी असतात आणि प्लेटलेट झपाट्याने पडतात. १८ हजारांचा काउंट त्यात बसत नाही. शेवटी, गेल्या दोन महिन्यांत फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिनसारखं औषध सुरू झालं होतं का, ते विचारा. पुरळ आणि इओसिनोफिल वाढलेले असतील तर विषाणू शोधत बसू नका, आधी औषध बंद.

तिरका_बाण

बरं, पण पोकळ्यांचं सांगा. गडद निळं द्रव्य आणि त्यात पोकळ्या हे बर्किटमध्ये असतं असं शिकवतात. रिअ‍ॅक्टिव्ह पेशीतही पोकळ्या असतात. मग?

जांभळा_ठसा

हा प्रश्न आवडला. नजर खरोखर फसते ती इथेच.

बर्किटच्या पेशीत पोकळ्या ठसठशीत, टाचणीने टोचल्यासारख्या स्वच्छ कडांच्या असतात, बऱ्याच असतात, केंद्रकावरही दिसतात आणि जवळपास प्रत्येक पेशीत असतात. पेशी मध्यम आकाराच्या, एकमेकींच्या नकला, द्रव्य गडद पण अरुंद. रिअ‍ॅक्टिव्ह पेशीत पोकळ्या एखाद-दुसऱ्या पेशीत, लहान, फेसासारख्या, आणि शेजारच्या पेशीत मुळीच नसतील. पोकळी आहे का यापेक्षा ती सगळ्यांत सारखी आहे का, ते बघा. सोबत युरिक आम्ल फार चढलेलं असेल तर फोन उचला. एलडीएचवर मात्र जाऊ नका, मोनोतही यकृतामुळे तो वाढतो.

मोठ्या वयात प्रश्नाचं रूपच बदलतं. साठीतल्या माणसात लहान, पिकलेल्या, गोळा क्रोमॅटिनच्या लिम्फोसाइट्सची एकसुरी गर्दी आणि चिरडलेल्या पेशींचे डाग दिसले तर आधी क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया डोक्यात यायला हवा. डाग फार असतील तर रक्ताच्या चार-पाच थेंबांत २२ टक्के अल्ब्युमिनचा एक थेंब मिसळून स्मिअर ओढा, पेशी फुटत नाहीत आणि खरं रूप दिसतं. हे चित्र मोनोसारखं दिसतच नाही, तरी यंत्र दोन्हींना एकच निशाणी लावतं. गोंधळ तिथून सुरू होतो.

कोरडी_काच

मग रिपोर्टात शब्द काय? आमच्याकडे तिघं तीन प्रकारे लिहितात.

जांभळा_ठसा

रक्ततपासणीचे मानक ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आयसीएसएच, तिच्या २०१५ च्या शिफारशीप्रमाणे कारण सौम्य वाटत असेल तर 'रिअ‍ॅक्टिव्ह लिम्फोसाइट', कर्करोगाची शंका असेल तर 'अ‍ॅबनॉर्मल लिम्फोसाइट' आणि सोबत पेशीचं वर्णन. नुसतं 'अ‍ॅटिपिकल' वाचून डॉक्टरला काहीच कळत नाही.

तुमच्या रुग्णाला मी असं लिहीन:

'लिम्फोसाइट्स वाढलेल्या, एकूण सुमारे १२,३००. सगळ्या पांढऱ्या पेशींपैकी रिअ‍ॅक्टिव्ह २९ टक्के, विविध रूपांच्या, इम्युनोब्लास्टसारख्या पेशी १ टक्का. आत्मघाती पेशी दिसतात. ब्लास्टचा एकसुरी समूह दिसला नाही. न्यूट्रोफिल आणि लाल पेशी संख्येने व रूपाने ठीक, प्लेटलेट किंचित कमी. चित्र विषाणूजन्य प्रतिक्रियेशी, मोनोशी सुसंगत. ईबीव्ही प्रतिपिंडं करावीत. सात दिवसांनी काउंट आणि स्मिअर पुन्हा.'

इम्युनोब्लास्टसारख्या पेशी 'ब्लास्ट' या रकान्यात भरू नका. संगणक तो आकडा उचलतो आणि वॉर्डात फक्त तेवढाच वाचला जातो. त्यांना रिअ‍ॅक्टिव्हमध्ये धरून शेऱ्यात नोंदवा.

चार_रंग

एक वाक्य माझ्याकडून. गाठ कापून तपासायचा मोह आवरा. मोनोच्या गाठीत सीडी३० असलेल्या मोठ्या इम्युनोब्लास्ट असतात, रीड-स्टर्नबर्गसारख्या पेशीही सापडतात, आणि त्यावरून हॉजकिन म्हटल्याची उदाहरणं कमी नाहीत. गाठ काढावीच लागली तर काउंट, स्मिअर आणि ईबीव्हीचे निकाल तपासणाऱ्याला सोबत द्या.

कोरडी_काच

अपडेट. व्हीसीए आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजीही पॉझिटिव्ह, ईबीएनए निगेटिव्ह. एएलटी २१०. स्टेरॉइड लागलं नाही. आठव्या दिवशी प्लेटलेट १,०६,०००, पांढऱ्या पेशी २०,१००, हिमोग्लोबिन १३.३, रिअ‍ॅक्टिव्ह ३४ टक्के. काउंट वाढलाय, प्लेटलेट उतरल्यात. वॉर्डमध्ये पुन्हा चुळबुळ सुरू आहे.

जांभळा_ठसा

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लिम्फोसाइट्स शिखरावर असतात, त्यामुळे काउंट वाढणं अपेक्षितच. प्लेटलेट रोज नको, तीन दिवसांनी बघा. स्मिअरवर प्लेटलेटचे गोळे नाहीत ना, तेही बघा. यापुढे काउंट उतरत जायला हवा. बहुतेकांत महिना-दीड महिन्यात जवळपास पूर्ववत होतो, रिअ‍ॅक्टिव्ह पेशी थोड्या मागे रेंगाळतात. उतरण्याऐवजी एकाच साच्यातल्या पेशी वाढायला लागल्या, न्यूट्रोफिल हजाराखाली आले किंवा तीन महिन्यांनंतरही लिम्फोसाइट्स चढलेल्याच असल्या, तर चार_रंग यांच्याकडे नमुना जाऊ द्या, तेव्हा माझा विरोध नाही.

तापमापक

आणि त्या मुलाला सांगा, निदान तीन आठवडे धक्काबुक्कीचा खेळ नाही, वजन उचलणं नाही. प्लीहा फुटण्याचा धोका याच काळात असतो. डाव्या बरगडीखाली अचानक दुखलं किंवा डाव्या खांद्यात कळ गेली तर लगेच यायचं.

तिरका_बाण

शेवटचं विचारतो. न्यूट्रोफिल हजाराखाली म्हणालात. मोनोतही कधी कधी ते खाली जातात ना? मग हजार हा आकडा कुठून?

जांभळा_ठसा

जातात, बहुधा थोडे आणि थोड्या दिवसांपुरते. हजार ही माझी स्वतःची रेघ आहे, कुठल्या नियमाची नाही. वेगळी रेघ वापरत असाल तर का, ते लिहा.

चार_रंग

मी १,५०० ला सावध होतो, पण एकट्या न्यूट्रोफिलवर नाही, प्लेटलेटही सोबत पडत असतील तरच.